लिहिलेलं ++b चाललंच नाही: सी चं एक आउटपुट पायरी-पायरीनं काढू

गेल्या आठवड्यात लातूरला लॅबमधे फर्स्ट इयरच्या पोरांना फळ्यावर खालचा प्रोग्राम लिहून दिला आणि सांगितलं की कॉम्प्युटर चालू करायचा नाही, वही-पेन घ्या आणि स्क्रीनवर काय छापून येईल ते लिहा.

```c
#include <stdio.h>

int main(void)
{
    int a = 3, b = 5, c = 0, d;

    d = a++ + --b * 2;
    c = a++ > 4 && ++b || d--;

    printf("%d %d %d %d\n", a, b, c, d);
    return 0;
}
```

कामाच्या ओळी दोनच, पण उत्तरं पाच-सहा प्रकारची आली. खरं आउटपुट आहे `5 4 1 10`. उदगीरहून रोज एसटीनं येणारी एक पोरगी आहे, अभ्यास लै नीट करते, तिचं उत्तर आलं `5 5 1 10`. फक्त b चुकला. मी विचारलं b 5 कसा काय आला, तर म्हणली, "मॅडम, ++ चा प्रिसिडन्स वर आहे की, आणि && पार खाली आहे. मग ++b आधी होणारच की वो."

तिला टेबल बरोबर पाठ होतं. ++ वर, मग गुणाकार, मग बेरीज, मग > आणि <, त्याच्या खाली &&, त्याच्याही खाली ||, आणि = जवळजवळ तळाला, सगळं बरोबर. पण "प्रिसिडन्स वर" याचा अर्थ "आधी होणार" असा तिनं घेतला तिथं गडबड झाली, आणि ही गडबड एकटीची नाही, वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांची हीच होती.

याचं मूळ मला शाळेतल्या कंचेभागुबेव मधे दिसतं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आपण पाचवी-सहावीपासून तेच घोकलंय की कंस आधी सोडवायचा, मग गुणाकार, मग बेरीज. शाळेत ते चालतं कारण तिथं 3 म्हणजे 3 च राहतो, कुठून पण सोडवा, मधेच तो 4 होत नाही. सी मधे ++ आलं की हिशोब चालू असतानाच आकडा बदलतो, आणि मग दोन प्रश्न वेगळे होतात जे शाळेत एकच वाटत होते: कोणता आकडा कोणाच्या वाट्याला जातो हा एक, आणि कोणतं काम खरंच कधी होतं हा दुसरा. प्रिसिडन्स फक्त पहिल्याचं उत्तर देतो. म्हणजे प्रिसिडन्सचं काम एवढंच की जिथं आपण कंस लिहिले नाहीत तिथं कंपायलरनं कंस कुठं धरायचे ते ठरवायचं. कंस धरून झाले की प्रिसिडन्सचं काम संपलं. कधी काय चालवायचं हे दुसरे नियम ठरवतात.

म्हणून आउटपुट काढायला बसलं की पहिलं काम म्हणजे पेन्सिलनं कंस टाकायचे, हिशोबाला हात लावायचा नाही. आपल्या दोन ओळी कंस टाकून अशा दिसतात.

```c
d = ((a++) + ((--b) * 2));
c = ((((a++) > 4) && (++b)) || (d--));
```

पहिल्या ओळीत --b वर बेरीज पण हक्क सांगू शकली असती पण गुणाकार वरचा, म्हणून --b त्याच्याकडं गेला. दुसऱ्या ओळीत ++b वर डावीकडून && आणि उजवीकडून || दोघं ओढायलेत, && वरचा म्हणून b त्याच्याकडं. बस, प्रिसिडन्स इथं संपला.

दुसरं काम, वहीत चार रकाने करायचे, a, b, c, d, आणि त्यात सुरुवातीचे आकडे लिहायचे. d ला आपण काही दिलेलं नाही, त्यात काय कचरा पडलाय कोणाला माहीत, तिथं प्रश्नचिन्ह टाका. आकडा बदलला की खोडरबर वापरायचा नाही, जुना आकडा तसाच ठेवून शेजारी नवा लिहायचा. जुना कशाला ठेवायचा ते a++ ला आलं की लगेच कळतं.

a++ मधे दोन गोष्टी घडतात आणि पोरं त्याची एकच करून टाकतात. एक म्हणजे a++ ची स्वतःची किंमत, जी पुढं हिशोबात जाते. दुसरी म्हणजे a नावाच्या डब्यात झालेला बदल. दवाखान्यात कंपाउंडर टोकन देतो ते आठवा. त्याच्या पुढ्यात 3 नंबर आहे, तो तुमच्या हातात 3 देतो आणि स्वतःच्या वहीत 4 करून ठेवतो. तुमच्या हातात 3, वहीत 4. हे a++ झालं. ++a मधे तो आधी वहीत 4 करतो आणि तुमच्या हातात पण 4 च देतो. दोन्हीकडं वही 4 वरच येते, फरक फक्त तुमच्या हातात काय पडलं त्याचा. त्यामुळं नुसतं `a++;` किंवा नुसतं `++a;` एकटं लिहिलं तर काहीच फरक नसतो, कारण हातात पडलेलं टोकन कोणी वापरतच नाही. (हे ऑपरेटर सी च्या आधीचे आहेत, केन थॉम्पसननं बी भाषेत आणले होते आणि डेनिस रिचीनं १९७२ च्या आसपास सी उभी केली तेव्हा तिथून आले.)

आता पहिली ओळ चालवू. a++ ची किंमत 3, डब्यात a झाला 4. --b ची किंमत 4, कारण कमी करूनच देतो, डब्यात b पण 4. मग 4 गुणिले 2 आठ, 3 अधिक 8 अकरा, d मधे 11 गेला.

इथं एक गोष्ट मुद्दाम बघा. मी a++ आधी केला आणि --b नंतर, पण कंपायलरनं --b आधी करून मग a++ केला असता तरी चाललं असतं, भाषेचा नियम त्याला दोन्हीची मुभा देतो. अधिक चिन्हाच्या डावीकडचं आधी का उजवीकडचं आधी हे सी नं ठरवूनच दिलेलं नाही. आणि आपल्याला काही फरक पण पडत नाही, कारण a वेगळा डबा आणि b वेगळा डबा, कोणी कोणाच्या डब्यात हात घालत नाही. दोन्ही एकच डबा असते तर काय झालं असतं ते शेवटी बघू, कारण खरी वाट लागते ती तिथं.

आता दुसरी ओळ, जिथं b चुकला होता. && आणि || हे बाकीच्यांसारखे नाहीत. यांच्याबाबतीत सी नं साफ सांगून ठेवलंय की डावी बाजू आधी पूर्ण करायची, तिच्यातले सगळे ++ -- डब्यात पोचले पाहिजेत, आणि मग गरज असेल तरच उजवीकडं जायचं. गरज असेल तरच, हे महत्त्वाचं. मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलात, आधी ओलावा बघतात. ओलाव्यातच माल नापास झाला तर काट्यावर कोणी नेत नाही, वजन पुढं करू असं पण नाही, ते होतच नाही. && तसाच. डावीकडं खोटं निघालं की सगळं खोटंच होणार हे कळलं, मग उजवीकडचं चालवायचं कशाला. || उलटा, डावीकडं खरं निघालं की उत्तर खरंच, मग तो उजवीकडं बघत नाही.

तर सगळ्यात बाहेरचा कंस || चा आहे, म्हणून सुरुवात तिथून. || म्हणतो माझी डावी बाजू आधी आणा. डावी बाजू म्हणजे && चा अख्खा कंस. && म्हणतो माझी डावी बाजू आधी आणा. ती म्हणजे `(a++) > 4`. a आत्ता 4 आहे. a++ ची किंमत 4, डब्यात a झाला 5. आता तुलना टोकनची होते, वहीची नाही: 4 हा 4 पेक्षा मोठा आहे का, नाही, म्हणून 0. && च्या डावीकडं 0 आला, त्यानं तिथंच हात वर केले, ++b ला कोणी हात लावला नाही, b तसाच 4. && चं उत्तर 0. ते || कडं गेलं, डावीकडं 0 म्हणजे अजून ठरलं नाही, आता उजवीकडं जावंच लागतं. d-- ची किंमत 11, डब्यात d झाला 10. सी मधे शून्य सोडून काहीही म्हणजे खरं, 11 खरं, म्हणून || चं उत्तर 1. लक्षात घ्या, 11 नाही, 1. && आणि || यांचं उत्तर कायम 0 नाहीतर 1 असतं. c मधे 1 गेला.

वहीत रकाने असे उरतात:

```
a   3  4  5
b   5  4
c   0  1
d   ?  11  10
```

प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा उचला, `5 4 1 10`.

फळ्यावर मी तिला हे बाहेरून आत असं दाखवत गेले तेव्हा ती मधेच थांबवून म्हणली, "मग ++b ला कंस केला असता तर आधी झालं असतं?" लै बरोबर जागी बोट ठेवलं पोरीनं. नाही झालं असतं. वर कंस टाकलेल्या ओळीत `(++b)` ला कंस आहेच की, आणि तरी ते चाललं नाही. कंचेभागुबेव मधला कंस आधी सोडवायचा असतो, सी मधला कंस फक्त सांगतो की हे कोणाच्या घरचं आहे.

बाकीची चुकीची उत्तरं पण मी जमा करून घेतली होती, कारण चुकलेल्या आकड्यावरून पोराच्या डोक्यात काय चाललं होतं ते जवळजवळ नेमकं कळतं, आणि तुम्ही स्वतःचं उत्तर तपासताना पण हे कामाला येतं. `5 4 1 13` आलं असेल तर पहिल्या ओळीत तुम्ही सरळ डावीकडून उजवीकडं चालत गेलात, 3 आणि 4 सात, गुणिले 2 चौदा, पुढं d-- नं तेरा, म्हणजे कंस टाकायचे राहिले. `5 4 1 12` आलं तर --b ला b-- समजून बसलात, 5 दुणे 10 अधिक 3 तेरा आणि एक कमी बारा. `5 5 1 11` आलं तर दुसऱ्या ओळीत a++ ची किंमत 5 धरलीत, मग 5 हा 4 पेक्षा मोठा, ++b झालं, && खरं निघालं आणि || नं d-- ला हातच लावला नाही, म्हणजे एका चुकीनं b आणि d दोन्ही बिघडले. आणि `5 4 11 10` आलं तर बाकी सगळं बरोबर, फक्त || चं उत्तर 0 किंवा 1 असतं हे विसरलात. त्या पोरीचं `5 5 1 10` हे प्रिसिडन्सला क्रम समजण्याचं उत्तर.

आता याच प्रोग्राममधे फक्त एक आकडा बदला, a ला 3 च्या ऐवजी 4 द्या. पुढचं वाचायच्या आधी वहीत करून बघा, दोन मिनिटं लागतात. पहिल्या ओळीत a++ ची किंमत 4, a झाला 5, --b ची 4, दुणे आठ, d झाला 12. दुसऱ्या ओळीत a++ ची किंमत 5, a झाला 6, 5 हा 4 पेक्षा मोठा, खरं. आता && ला उजवीकडं जावंच लागतं, ++b नं b झाला 5, तो शून्य नाही म्हणून खरं, && चं उत्तर 1. || ला डावीकडंच 1 मिळाला, d-- ला सुट्टी. आउटपुट `6 5 1 12`. मागच्या वेळी ++b राहिलं आणि d-- झालं, यावेळी बरोबर उलटं, आणि c दोन्ही वेळा 1 च. त्यामुळं c बरोबर आला म्हणून खूश होऊन थांबू नका, c वरून काहीच कळत नाही, b आणि d बघा.

आणखी एक समज आहे जो क्लासमधून सर्रास शिकवला जातो, की पोस्ट इन्क्रिमेंट म्हणजे सेमीकोलन आल्यावर वाढतं. साध्या ओळीत तसं समजून चाललं तर उत्तर बरोबर येतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण हे बघा:

```c
int a = 4;
int r = a++ == 4 && a == 5;
```

सेमीकोलनची वाट बघत बसलात तर उजवीकडं a अजून 4 च आणि r शून्य. खरं तर && च्या डावीकडचं सगळं काम उजवीकडं जायच्या आधी पूर्ण झालेलं असतं, म्हणून उजवीकडं a 5 च मिळतो आणि r मधे 1 येतो. अशा जागेला, जिथं मागचे सगळे बदल डब्यात पोचलेच पाहिजेत, सीक्वेन्स पॉइंट म्हणतात. सेमीकोलन ही एक तशी जागा आहे, पण एकटीच नाही. &&, ||, `?:` मधलं प्रश्नचिन्ह आणि कॉमा ऑपरेटर या पण तशाच जागा. अधिक, गुणिले, >, = या नाहीत. आणि फंक्शनला व्हॅल्यू देताना मधे जो कॉमा टाकतो तो पण नाही, दिसतो तसाच पण तो कॉमा ऑपरेटर नाही, नुसता वेगळं करायचा कॉमा आहे.

आता मघाशी शेवटी बघू म्हणलेली गोष्ट. अधिकच्या दोन्ही बाजूंना एकच डबा असला तर?

```c
int i = 5;
i = i++ + ++i;
printf("%d %d\n", i++, i++);
```

असले प्रश्न पोरांच्या गाइडमधे भरपूर दिसतात, आणि त्यांची उत्तरं पण छापलेली असतात, आणि मला याचा खरंच त्रास होतो कारण या ओळींना उत्तरच नाही. दोन सीक्वेन्स पॉइंटच्या मधे एकाच व्हेरिएबलला दोनदा बदललं तर सी चं स्टँडर्ड म्हणतं की वागणूक ठरलेली नाही, काहीही होऊ शकतं. "दोनपैकी एक उत्तर येईल" असं पण म्हणत नाही, कंपायलरवर कोणतंच बंधन राहत नाही. लॅबच्या जुन्या टर्बो सी वर एक आकडा येईल, जीसीसी वर दुसरा, जीसीसी वरच ऑप्टिमायझेशन लावलं तर तिसरा पण येऊ शकतो, आणि सगळे कंपायलर आपापल्या जागी बरोबर. मग कोणी तरी एका कंपायलरवर चालवून बघतो, जे आलं त्यावरून "printf मधे उजवीकडून डावीकडं चालतं" असा नियम काढतो, आणि तो नियम पोरं तीन-तीन वर्षं पाठ करतात. तो त्या मशीनवरचा योगायोग आहे, सी चा नियम नाही.

ओळखायचं कसं, तर कंस टाकून झाले की एका ओळीत एकच व्हेरिएबल ++ किंवा -- सोबत दोनदा दिसतंय का, किंवा एकदा ++ सोबत आणि एकदा नुसतं वाचलं जातंय का ते बघायचं. दिसलं तर त्या दोघांच्या मधे &&, || किंवा वर सांगितलेली एखादी जागा आहे का बघायचं. असेल तर बिनधास्त पुढं जा, वरच्या `a++ == 4 && a == 5` सारखं. नसेल तर पेन खाली ठेवा. आपल्या मूळ प्रोग्राममधे a++ दोनदा आहे पण दोन वेगळ्या ओळीत, मधे सेमीकोलन, म्हणून तो साफ आहे. परीक्षेत असा प्रश्न आलाच तर मी पोरांना सांगते की "हे अनडिफाइन्ड आहे, एकाच एक्सप्रेशनमधे i दोनदा बदललाय" असं एका वाक्यात लिहा आणि मगच पेपर काढणाऱ्याला अपेक्षित वाटणारा आकडा लिहा.

मशीनवर तपासायचं असेल तर वॉर्निंग चालू करून कंपाइल करा, त्याशिवाय जीसीसी गप्प बसतो.

```
gcc -Wall op.c -o op
```

i च्या त्या दोन ओळींवर तो लगेच `operation on 'i' may be undefined` असं म्हणतो. हे आलं की आउटपुटवर विश्वास ठेवायचा नाही, कितीही वेळा तेच आलं तरी. आपल्या मूळ प्रोग्रामवर पण एक वॉर्निंग येते आणि ती बघून पोरं घाबरली होती: `suggest parentheses around '&&' within '||'`. ही वेगळ्या जातीची आहे. इथं अर्थ ठरलेला आहे, कंपायलर फक्त म्हणतोय की वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, कंस लिहून टाक. && च्या भोवती कंस लिहिला की वॉर्निंग जाते आणि आउटपुट तेच राहतं, `5 4 1 10`.

त्या पोरीनं मात्र कंस लिहिताना तो || च्या भोवती लिहिला.

```c
c = a++ > 4 && (++b || d--);
```

वॉर्निंग गेली पण आउटपुट बदललं. तिनं चालवायच्या आधीच वहीत चार रकाने केले, बाहेरचा आता && आहे, डावीकडं 4 > 4 शून्य, म्हणजे कंसातलं ++b पण नाही आणि d-- पण नाही, आणि `5 4 0 11` लिहून मग एंटर दाबलं. स्क्रीनवर तेच आलं.